सातव्या दिवशी पाचशे कमी, साठाव्या दिवशी पावणेनऊशे जास्त

माझा मावसभाऊ नागपूरला प्रतापनगरात एसी दुरुस्तीचं काम करतो. घरगुती गिऱ्हाईक थोडं, जास्त काम ऑफिसं, हॉटेलं आणि रामदासपेठ-धंतोलीतली हॉस्पिटलं यांचं. मी त्याचे हिशेब बघते. दरवर्षी मार्च संपत आला की तो फाइल घेऊन माझ्याकडे येतो आणि एकच वाक्य बोलतो, "ताई, काम भरपूर आहे, पैसा कुठंच दिसून नाही राहिला."

पैसा असतो, पण लोकांकडे. त्याच्या बिलावर 'मुदत ३० दिवस' असं छापलेलं आहे आणि बहुतेक गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देतं. कुणी बुडवत नाही, कुणी भांडत नाही. फक्त उशीर होतो. इकडे नागपूरचा मे महिना तोंडावर आलेला असतो. टेक्निशियन मुलांना दर शनिवारी पगार लागतो, गॅसचा सिलिंडर आणि कॉपरचा पाइप रोखीने घ्यावा लागतो. त्यात जीएसटी आहेच. बिल केलं की त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला भरायचा, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे ५०,०००चं काम केलं की ९,००० रुपये तो आधी स्वतःच्या खिशातून भरतो.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला सांगितलं, की लवकर पैसे देणाऱ्याला सूट ठेव. त्याने बिलावर छापून टाकलं, 'सात दिवसांत पैसे दिल्यास १% सूट'. फायदा शून्य. जे आधीपासून आठवड्यात पैसे द्यायचे त्यांनी आनंदाने सूट घेतली, बाकीचे होते तिथेच राहिले. तो म्हणाला, नागपूरच्या लोकांना सूट कळत नाही. मला वाटलं, त्यांना ती फार चांगली कळली आहे.

का, ते एका बिलावरून पाहू. काम ५०,०००चं, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००, एकूण ५९,०००. एक टक्का सूट मूळ रकमेवर, म्हणजे ५०० रुपये. आता हॉस्पिटलच्या अकाउंटंटच्या खुर्चीत बसा. सातव्या दिवशी ५८,५०० द्यायचे, की नंतर ५९,०००? तो खरोखर तिसाव्या दिवशी पैसे देणारा असेल तर २३ दिवस आधी पैसे सोडण्याबद्दल त्याला ५०० रुपये मिळतात. वर्षाच्या हिशेबात हा दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकेतल्या ठेवीपेक्षा कितीतरी चांगला, कुठलाही शहाणा माणूस घेईल.

पण तो तिसाव्या दिवशी देतच नाही, साठाव्या दिवशी देतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही. मग त्याच्यासाठी तुलना २३ दिवसांची नाही, ५३ दिवसांची आहे. तेच ५०० रुपये ५३ दिवसांवर पसरले की दर वर्षाला सहा टक्क्यांच्याही जरा खाली येतो. त्याची स्वतःची ओव्हरड्राफ्ट असेल, तर बँकेला तो याच्या जवळजवळ दुप्पट व्याज देत असणार. त्याने तुमची सूट का घ्यावी? तुमचे पैसे वापरणं त्याला स्वस्त पडतं. इथे कुणाची नियत वाईट असण्याचा प्रश्न नाही, साधं गणित आहे.

म्हणून सूट एकटी चालत नाही. तीस दिवसांची मुदत खरी असेल तरच सातव्या दिवसाच्या सवलतीला वजन येतं, आणि मुदत खरी करायची तर ती ओलांडल्यावर काहीतरी लागलं पाहिजे.

आम्ही लेट फी ठरवली वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का, पण मोजायची रोजच्या हिशेबाने. आता तेच बिल साठाव्या दिवशी भरलं, तर तीस दिवसांची लेट फी होते ८७३ रुपये. गेलेली ५००ची सूट आणि ही ८७३ची फी मिळून सातव्या आणि साठाव्या दिवसातला फरक १,३७३ रुपयांचा झाला. वर्षाच्या हिशेबात तो सोळा टक्क्यांच्या वर जातो. आता मात्र अकाउंटंट बँकेचे पैसे वापरील आणि तुमचे देऊन टाकील. लेट फीचा दर ठरवताना एवढंच बघायचं, की तो गिऱ्हाइकाच्या बँकेच्या व्याजापेक्षा थोडा जास्त असावा. बारा टक्के ठेवाल तर तुम्ही त्याची दुसरी बँक व्हाल, तीही तारण न मागणारी.

'उशीर झाल्यास ५०० रुपये दंड' असला सरसकट आकडा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ५९,०००च्या बिलाला ते चालून जातं, पण दोन हजारांच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर ५०० म्हणजे पंचवीस टक्के होतात. वाचणाऱ्याला ते शिक्षा वाटतं. आणि प्रकरण पुढे गेलंच तर १८७२च्या करार कायद्याप्रमाणे करारात आकडा कितीही लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते. टक्केवारीने, दिवसाच्या हिशेबाने मोजलेली फी समजावून सांगता येते. "तुमचे दहा दिवस झाले, दहा दिवसांचेच पैसे," असं म्हटलं की समोरचा माणूस वाद घालत नाही.

आता मावसभावाच्या बाजूने. सूट द्यायला सोपी वाटते, पण ती नफ्यातून जाते. त्याला एका कामात बारा टक्के सुटतात असं धरलं, तर ५०,०००वर नफा ६,००० आणि त्यातले ५०० सवलतीत गेले, म्हणजे नफ्याचा बारावा हिस्सा. आणि सूट एकट्या रेंगाळणाऱ्यांना देता येत नाही. जो आधीपासून वेळेवर देतो तो विचारणारच, "आमचं काय?" त्याला नाही म्हणणं बरोबर नाही.

आम्ही एका महिन्याचा हिशेब कागदावर मांडला. महिन्याचं काम चार लाखांचं. त्यातलं १,२०,०००चं गिऱ्हाईक आधीच आठवड्यात पैसे देतं. त्यांची सूट १,२०० रुपये, बदल्यात आपल्याला नवीन काहीच मिळत नाही. समजा, आणखी १,२०,०००चं गिऱ्हाईक साठाव्या दिवसावरून सातव्या दिवसावर आलं. त्यांचीही सूट १,२००. त्यांच्या बिलांची जीएसटीसकट रक्कम १,४१,६००. ती ५३ दिवस आधी हातात आली, तर बारा टक्के दराने वाचलेलं व्याज २,४६७ रुपये. दिली सूट २,४००, वाचले २,४६७. शिल्लक सदुसष्ट रुपये.

सदुसष्ट! तो कागदाकडे बघतच राहिला. "एवढ्यात तर सांबारवडीही नाही होत," म्हणाला. पण हा हिशेब बारा टक्क्यांचा आहे, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्यासाठी पैशाची किंमत बारा टक्के नसते. हातात रोकड नसली की तो पाइप उधारीवर घेतो आणि दुकानदार भाव वाढवून लावतो. पगार थकला तर मुलगा भर सीझनमध्ये दुसऱ्याकडे जातो. दिवाळीनंतर मात्र काम मंद असतं, तेव्हा पैसे महिनाभर उशिरा आले तरी काही अडत नाही. म्हणून आम्ही सूट फक्त एप्रिल ते जूनच्या बिलांना ठेवली आणि लेट फी बारा महिने. ज्याच्या धंद्याला सीझन नाही, त्याने हा हिशेब स्वतःच्या आकड्यांवर करून बघावा. कदाचित त्याला नुसती लेट फी पुरेल.

आता अवघड भाग, सांगायचं कसं. पहिला फोन त्याने बारा वर्षांपासूनच्या एका गिऱ्हाइकाला केला आणि सुरुवातच "आता उशीर झाला तर व्याज लागंल" अशी केली. पलीकडून उत्तर आलं, "काहून भाऊ, बारा वर्षांचा संबंध अन् आता व्याज लावून राहिले का?" फोन ठेवल्यावर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चुका दोन झाल्या. एक तर 'व्याज' हा शब्द, तो ऐकला की सावकार आठवतो. 'लेट फी' म्हटलं की वीजबिल आठवतं, आणि वीजबिलावर कुणी रुसत नाही. दुसरी चूक क्रमाची. आधी सूट सांगायची, मग मुदत तीच आहे हे सांगायचं, आणि शेवटी लेट फी.

मग आम्ही एक पत्र तयार केलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आधी मालकाला किंवा मॅनेजरला फोन, आणि त्यानंतर हे पत्र मालक आणि अकाउंटंट दोघांनाही:

"नमस्कार साहेब. १ एप्रिलपासून आमच्या बिलावर दोन ओळी नवीन दिसतील, म्हणून आधीच कळवतो. बिल मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे जमा झाले, तर मूळ रकमेवर एक टक्का सूट. ही सूट ३० जूनपर्यंतच्या बिलांना आहे. तीस दिवसांची मुदत होती तशीच आहे. त्यापुढे पाच दिवस आम्ही काही मोजणार नाही. पस्तीस दिवस उलटले तर मात्र एकतिसाव्या दिवसापासून वर्षाला १८ टक्के दराने, रोजच्या हिशेबाने लेट फी लागेल. ३१ मार्चपर्यंतच्या बिलांना यातलं काहीही लागू नाही. उन्हाळ्यात मुलांचे पगार आणि गॅस-कॉपरचे पैसे आम्हाला रोख द्यावे लागतात, म्हणून हे करतो आहोत. बिलात काही चूक वाटली तर सात दिवसांत सांगा, ती दुरुस्त होईपर्यंतचे दिवस आम्ही धरणार नाही. मान्य असेल तर कृपया 'मान्य' एवढं उत्तर पाठवा."

या पत्रातली शेवटची ओळ सर्वांत कामाची आहे. वर्षाचा मेंटेनन्सचा करार चालू असताना नुसतं बिलावर छापून नवी अट लादता येत नाही. समोरच्याने होकार दिला पाहिजे, तोही लेखी. ज्यांचा करार एप्रिलमध्ये नवा व्हायचा होता त्यांच्या करारातच आम्ही ही कलमं घातली. जे 'मान्य' म्हणाले नाहीत, त्यांना लेट फी लावली नाही.

'बिल मिळाल्यापासून' हे शब्दही मुद्दाम घातले आहेत. पूर्वी बिल १ तारखेचं असायचं आणि मुलगा ते १२ तारखेला नेऊन द्यायचा. कधी त्याला जोडायच्या जॉब कार्डवर तिथल्या मेंटेनन्सवाल्याची सहीच नसायची, म्हणून बिल परत यायचं. आपल्याकडून अकरा दिवस वाया घालवून गिऱ्हाइकाला सातव्या दिवसाची अट घालणं शोभत नाही. आता काम झालं त्याच दिवशी सही घेतली जाते आणि बिल संध्याकाळी ईमेलने जातं. खरं सांगायचं तर निम्मा उशीर या एका सवयीने कमी झाला, सूट आणि फी पुढची गोष्ट.

आठवण दोनदा करायची. मुदतीच्या तीन दिवस आधी एक मेसेज, आणि तिसाव्या दिवशी दुसरा, त्यात "पस्तिसाव्या दिवसापर्यंत लेट फी नाही" असं लिहिलेलं. आणि पहिल्या वेळी फी लागली तर ती सोडून द्यायची, पण गपचूप नाही. हिशेबाच्या उताऱ्यात ओळ दिसली पाहिजे: 'लेट फी ५८२ रुपये, या वेळी माफ'. ५९,०००चे पैसे वीस दिवस उशिरा आले तर आकडा एवढाच होतो. ओळ दिसली नाही तर नियम आहे हेच कुणाला कळत नाही. वर्षातून एकदाच माफ करायची, हे मात्र त्याने स्वतःशी ठरवून घेतलं आहे, कारण त्याचा स्वभाव मला माहीत आहे.

कराची बाजू थोडक्यात सांगते. लवकर पैसे दिल्याची सूट बिल करताना माहीत नसते, त्यामुळे बिल पूर्ण ५९,०००चंच करायचं. पैसे वेळेत आले की ५००ची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढे कमी केल्याचा कागद, द्यायची. जीएसटीही कमी करून नोट देता येते, पण मग अट आधीच ठरलेली हवी, नोट त्या बिलाशी जोडलेली हवी आणि गिऱ्हाइकाने ५००वरच्या ९० रुपये जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट परत करायला हवं. एवढ्याशा रकमेसाठी आम्ही तो घोळ घालत नाही. जीएसटी तसाच ठेवून साधी व्यापारी क्रेडिट नोट देतो. लेट फीचं उलट आहे. ती कामाच्या किमतीतच धरली जाते, म्हणून तिच्यावरही कामाच्याच दराने, इथे १८ टक्के, जीएसटी लागतो. ८७३वर १५७ रुपये. मात्र हा कर फी प्रत्यक्ष हातात आल्यावरच द्यायचा असतो. त्यामुळे फी लागली म्हणून लगेच कर भरून टाकू नका. माफ केली तर कराचा प्रश्नच उरत नाही.

आणि कायदा? तो पाठीशी आहे, पण पत्रात आम्ही त्याचा उल्लेख केला नाही. मावसभावाची उद्यम नोंदणी आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करारात मुदत जास्त लिहिलेली असली तरी. मुदत लेखी ठरलेलीच नसेल तर पंधरा दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर हे साडेसोळा टक्के होतात. शिवाय या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरता येते. हे अकाउंटंट लोकांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून आम्ही बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापतो आणि गप्प बसतो. एक मर्यादा लक्षात ठेवा. हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने, नोंदणी असली तरी, यावर विसंबू नये.

मेमध्ये एक गंमत झाली. एका हॉस्पिटलचे पैसे पंचविसाव्या दिवशी आले, ५८,५००. मावसभाऊ तापला. "सात दिवसांत दिले नाही अन् सूट कापून घेतली!" फोन करायलाच निघाला होता. मी थांबवलं. हॉस्पिटल प्रायव्हेट लिमिटेड, मावसभाऊ एकटा मालक, म्हणून ते त्याच्या बिलातून मूळ रकमेवर एक टक्का टीडीएस कापतात. ५०,०००चा एक टक्का म्हणजे ५००. सूटही ५००, टीडीएसही ५००. कापलेले पैसे त्याच्याच नावाने आयकर खात्यात जमा होणार होते, हॉस्पिटलने एक रुपयाही चुकीचा घेतला नव्हता.

त्या दिवसापासून प्रत्येक बिलाच्या तळाशी दोन आकडे सरळ लिहिलेले असतात: '७ दिवसांत: सूट ५००, टीडीएस ५००, बँकेत ५८,०००. ३० दिवसांत: टीडीएस ५००, बँकेत ५८,५००.' त्यांच्या अकाउंटंटनेच नंतर फोन करून सांगितलं, की बाकीच्या बिलांवरही असंच लिहा, आम्हाला नोंद करायला सोपं जातं. पुढचं बिल त्यांनी सहाव्या दिवशी भरलं.